दाराप्तीतील ‘प्’ : संवाक्याच्या तीन अक्षरांचा इतिहास आणि त्यांची मर्यादा

१

निरुपाधिक संवाक्याचे वैध प्रकार किती, या साध्या प्रश्नाला तर्कशास्त्राच्या ग्रंथांतून चार निरनिराळी उत्तरे मिळतात. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात ते चौदा आहेत. मध्ययुगीन परंपरेतून आलेल्या पाठ्यपुस्तकांत ते एकोणीस आहेत. लायब्निट्सने १६६६ साली केलेल्या गणनेत ते चोवीस भरतात आणि विसाव्या शतकातील बहुसंख्य पाठ्यपुस्तकांत ते पंधरा आहेत. आपल्या महाविद्यालयांतून जुनी व नवी अशी दोन्ही प्रकारची पुस्तके वाचली गेली आहेत. त्यामुळे तोच प्रकार एका पुस्तकाप्रमाणे वैध आणि दुसऱ्याप्रमाणे अवैध असा अनुभव विद्यार्थ्याला येतो, आणि यांपैकी कोणीतरी मोजण्यात चुकले असावे, असा त्याचा सहज समज होतो.

वस्तुतः मोजण्यात कोणीच चुकलेले नाही. चौदा, एकोणीस व चोवीस यांमधील फरक हा मांडणीचा फरक आहे. एकोणीस व पंधरा यांमधील फरक मात्र अर्थाचा आहे. हा दुसरा फरक नेमका कोठे उद्भवतो हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. त्यासाठी ‘दाराप्ती’ हा एकच प्रकार मुख्यतः विचारात घेतला आहे. कारण वाद जेथे उत्पन्न होतो ते स्थान त्याच्या नावातच एका व्यंजनाने नोंदविलेले आहे, आणि ती नोंद तेराव्या शतकातील आहे.

२

प्रथम परिभाषा निश्चित करू. संवाक्यात तीन विधाने व तीन पदे असतात. निष्कर्षाचे उद्देश्य ते पक्षपद. त्याला येथे ‘उ’ म्हणू. निष्कर्षाचे विधेय ते साध्यपद. त्याला ‘व’ म्हणू. दोन्ही आधारविधानांत येणारे व निष्कर्षात न येणारे ते मध्यपद. त्याला ‘म’ म्हणू. ज्या आधारविधानात ‘व’ आहे ते पहिले व ज्यात ‘उ’ आहे ते दुसरे, असा मांडणीचा संकेत आहे.

विधाने चार जातींची असतात. ‘सर्व उ व आहेत’ हे सार्विक अस्तिवाची विधान, त्याचे अक्षर आ. ‘एकही उ व नाही’ हे सार्विक नास्तिवाची, त्याचे अक्षर ए. ‘काही उ व आहेत’ हे अंशवाची अस्तिवाची, त्याचे अक्षर ई. ‘काही उ व नाहीत’ हे अंशवाची नास्तिवाची, त्याचे अक्षर ओ. ‘अफ्फीर्मो’ म्हणजे मी होकार देतो व ‘नेगो’ म्हणजे मी नकार देतो, या दोन लॅटिन क्रियापदांतील स्वरांवरून ही अक्षरे घेतली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. ही अक्षरे ॲरिस्टॉटलची नव्हेत. त्याने अक्षरे वापरली ती पदांसाठी, विधानांच्या जातींसाठी नव्हे.

पहिले आधारविधान, दुसरे आधारविधान व निष्कर्ष यांची अक्षरे याच क्रमाने लिहिली म्हणजे संवाक्याचा ‘प्रकार’ मिळतो. लॅटिनमध्ये याला ‘मोदुस’ म्हणत. मध्यपदाच्या स्थानावरून ‘आकृती’ ठरते. पहिल्या आकृतीत म हे पहिल्या विधानात उद्देश्य व दुसऱ्यात विधेय असते. दुसऱ्या आकृतीत दोन्हीकडे विधेय. तिसऱ्या आकृतीत दोन्हीकडे उद्देश्य. आणि चौथ्या आकृतीत पहिल्यात विधेय व दुसऱ्यात उद्देश्य. तीन स्थानी चार अक्षरे ठेवली तर चौसष्ट प्रकार होतात, आणि प्रत्येक प्रकार चार आकृतींत येऊ शकत असल्याने एकंदर दोनशे छप्पन्न रूपे होतात.

ॲरिस्टॉटलने केवळ तीनच आकृती मानल्या. त्याने म हा दोन टोकांच्या पदांच्या मध्ये आहे, दोघांचेही विधेय आहे, की दोघांचेही उद्देश्य आहे, एवढाच विचार केला. आणि या वर्गीकरणात तीन शक्यता संपतात. पहिल्या आकृतीत चार, दुसऱ्यात चार व तिसऱ्यात सहा अशी त्याची चौदा वैध रूपे आहेत. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने पहिल्या आकृतीत आणखी पाच रूपांची भर घातली. त्यांत निष्कर्षाची पदे उलट क्रमाने येतात. पुढे हीच पाच रूपे चौथ्या आकृतीत मांडली गेली व एकूण संख्या एकोणीस झाली. जेथे सार्विक निष्कर्ष निघतो तेथे त्याच जातीचा अंशवाची निष्कर्षही निघतोच असे मानले, तर आणखी पाच रूपे मिळतात व चोवीस ही संख्या पूर्ण होते. प्रत्येक आकृतीच्या वाट्याला सहा. चौदापासून चोवीसपर्यंतचा प्रवास हा असा केवळ मांडणीचा आहे. त्यात एकाही रूपाविषयी कोणाचा तात्त्विक मतभेद झालेला नाही.

३

तीन अक्षरांवरून वैधता कशी तपासावी? यासाठी पदांच्या व्याप्तीचा नियम उपयोगी पडतो. एखादे पद विधानात त्याच्या संपूर्ण वर्गाविषयी आलेले असेल तर ते तेथे व्याप्त आहे असे म्हणतात. आ-विधानात उद्देश्य व्याप्त असते, विधेय नसते. ए-विधानात दोन्ही पदे व्याप्त असतात. ई-विधानात एकही पद व्याप्त नसते. ओ-विधानात केवळ विधेय व्याप्त असते.

नियम चार आहेत. मध्यपद निदान एका आधारविधानात व्याप्त असले पाहिजे. निष्कर्षात व्याप्त असलेले पद आपल्या आधारविधानातही व्याप्त असले पाहिजे. दोन्ही आधारविधाने नास्तिवाची असता कामा नयेत. आणि आधारविधानांपैकी एक नास्तिवाची असेल तर निष्कर्ष नास्तिवाची असला पाहिजे, व निष्कर्ष नास्तिवाची असेल तर आधारविधानांपैकी एक नास्तिवाची असले पाहिजे.

यांतील काही नियम लागू करण्यास आकृती माहीत असण्याची गरज नसते. आधारविधानांच्या सोळा जोड्यांपैकी चार जोड्या दोन्ही विधाने नास्तिवाची असल्यामुळे बाद होतात. ई-ई या जोडीत एकही पद व्याप्त नसल्याने मध्यपद व्याप्त असणे शक्य नाही. ई-ओ व ओ-ई या जोड्यांत एकच पद व्याप्त असते. परंतु निष्कर्ष नास्तिवाची असल्याने त्यातील विधेय व्याप्त, म्हणून मध्यपद व साध्यपद अशी दोन पदे व्याप्त हवीत. म्हणून याही जोड्या बाद. ई-ए या जोडीत निष्कर्ष नास्तिवाची म्हणून व व्याप्त हवा, पण तो ज्या विधानात आहे ते ई असल्याने तेथे तो व्याप्त असूच शकत नाही. अशा रीतीने आठ जोड्या उरतात : आ-आ, आ-ए, आ-ई, आ-ओ, ए-आ, ए-ई, ई-आ व ओ-आ. यांपैकी ज्या जोड्यांत एक विधान अंशवाची आहे त्यांत पक्षपद व्याप्त करण्याइतकी शिल्लक राहत नाही, म्हणून निष्कर्षही अंशवाचीच निघतो. पहिल्या दोन जोड्यांना व ए-आ या जोडीला प्रत्येकी दोन निष्कर्ष शक्य आहेत, इतरांना एकेक. एकूण अकरा प्रकार.

१६६२ साली प्रसिद्ध झालेल्या पोर-रॉयाल तर्कशास्त्रात आर्नो व निकोल यांनी चौसष्ट प्रकारांची छाननी याच धर्तीवर केली. त्यांची यादी दहाची आहे. आ-ए-ओ हा अकरावा प्रकार त्यांनी स्वतंत्र मानला नाही, कारण जेथे तो निघतो तेथे आ-ए-ए हा अधिक बलवान निष्कर्ष निघतोच.

या अकरा प्रकारांच्या पलीकडे मात्र तीन अक्षरे एकटी पुरी पडत नाहीत. आ-ए-ए हा प्रकार चारही आकृतींत तपासून पाहू. निष्कर्ष ए असल्याने उ व व ही दोन्ही पदे व्याप्त हवीत. उ आणि म दुसऱ्या आधारविधानात, म्हणजे ए-विधानात, येत असल्याने ती दोन्ही व्याप्त आहेतच. प्रश्न उरतो तो केवळ व-पदाचा. तो पहिल्या आधारविधानात, म्हणजे आ-विधानात, आहे. तेथे तो उद्देश्य असेल तरच व्याप्त होईल. पहिल्या व तिसऱ्या आकृतीत तो विधेय असतो, म्हणून तेथे हा प्रकार अवैध. दुसऱ्या व चौथ्या आकृतीत तो उद्देश्य असतो, म्हणून तेथे वैध. अक्षरे तीच, आकृती बदलली की निर्णय बदलतो.

पहिल्या आकृतीतील या जोडीचे खंडन ॲरिस्टॉटलने नियमाने केले नाही, उदाहरणाने केले. त्याने प्राणी, मनुष्य, घोडा अशी एक व प्राणी, मनुष्य, दगड अशी दुसरी पदत्रयी दिली. सर्व मनुष्य प्राणी आहेत. एकही घोडा मनुष्य नाही. तरी सर्व घोडे प्राणी आहेत. सर्व मनुष्य प्राणी आहेत. एकही दगड मनुष्य नाही. आणि एकही दगड प्राणी नाही. दोन्ही ठिकाणी आधारविधाने खरी व एकाच रूपाची. पण एका ठिकाणी टोकांच्या पदांचा संबंध सर्वस्वी होकाराचा, दुसऱ्या ठिकाणी सर्वस्वी नकाराचा. म्हणून या क्रमाने चारांपैकी कोणताही निष्कर्ष रूपामुळे निघतो असे म्हणता येत नाही. नियम दोष कोठे आहे ते सांगतात; उदाहरण दोष आहे हे सिद्ध करते. अवैधतेचा अंतिम पुरावा आजही हाच मानला जातो.

याच्या उलट ए-ई-ओ हा प्रकार चारही आकृतींत वैध आहे आणि त्याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. ‘एकही म व नाही’ व ‘एकही व म नाही’ यांचा अर्थ एकच. ‘काही उ म आहेत’ व ‘काही म उ आहेत’ यांचाही अर्थ एकच. ए आणि ई या विधानांत पदांची अदलाबदल केली तरी अर्थ बदलत नाही, म्हणून मध्यपद उद्देश्य आहे की विधेय याने काही बिघडत नाही. आकृतीचे महत्त्व आहे ते केवळ आ व ओ या, पदक्रमास बांधलेल्या, विधानांमुळे. ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे आ-विधानाच्या परिवर्तनाचा प्रश्न एवढा नाजूक का, हेही कळते. पुढील सर्व वाद तेथूनच निघतो.

४

वैध रूपे लक्षात ठेवण्यासाठी तेराव्या शतकातील अध्यापकांनी एकोणीस कृत्रिम नावे रचली. शेर्वुडचा विल्यम याच्या तर्कशास्त्रप्रवेशात व स्पेनचा पीटर याच्या सारग्रंथात ती पद्यबद्ध आढळतात. पुढील काळातील पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेली त्यांची रूपे अशी. पहिल्या आकृतीत बार्बारा, केलारेंत, दारीई, फेरीओ. दुसरीत केसारे, कामेस्त्रेस, फेस्तीनो, बारोको. तिसरीत दाराप्ती, फेलाप्तोन, दीसामीस, दातीसी, बोकार्दो, फेरीसोन. चौथीत ब्रामांतीप, कामेनेस, दीमारीस, फेसापो, फ्रेसीसोन. प्रत्येक नावातील पहिले तीन स्वर म्हणजे त्या प्रकाराची तीन अक्षरे. दाराप्तीत आ, आ, ई. फेरीसोनात ए, ई, ओ. नागरी लिपीतही ते तितकेच स्पष्ट दिसतात.

परंतु ही नावे म्हणजे केवळ यादी नव्हे. त्यांत सिद्धतेची कृतीही साठविलेली आहे. ॲरिस्टॉटलच्या मते पहिल्या आकृतीतील चार रूपे स्वयंपूर्ण. इतर रूपांची सिद्धता ती या चारांवर आणून करावयाची. नावाचे आद्य व्यंजन कोणत्या रूपावर जावयाचे ते सांगते : ब् असेल तर बार्बारा, क् असेल तर केलारेंत, द् असेल तर दारीई, फ् असेल तर फेरीओ. मधल्या व्यंजनांपैकी स् म्हणजे आधीच्या स्वराने दर्शविलेल्या विधानाचे सरल परिवर्तन करा, म्हणजेच पदांची नुसती अदलाबदल करा. प् म्हणजे मर्यादित परिवर्तन करा, म्हणजे पदे उलटा आणि सार्विकाचे अंशवाची करा. म् म्हणजे आधारविधानांचा क्रम बदला. आद्य स्थानी नसलेला क् म्हणजे निष्कर्षाचा निषेध गृहीत धरून विसंगती दाखवा. हा बारोको व बोकार्दो या दोनच नावांत येतो. उरलेली व्यंजने उच्चारासाठी आहेत.

आता दाराप्ती उलगडून पाहू. हे तिसऱ्या आकृतीतील रूप : सर्व म व आहेत, सर्व म उ आहेत, म्हणून काही उ व आहेत. आद्य व्यंजन द्, म्हणून दारीईवर जावयाचे. प् हे व्यंजन दुसऱ्या आ-नंतर आहे, म्हणून दुसऱ्या आधारविधानाचे मर्यादित परिवर्तन करावयाचे. ‘सर्व म उ आहेत’ यावरून ‘काही उ म आहेत’ असे मिळते. पहिले आधारविधान तसेच ठेवले की, सर्व म व आहेत. काही उ म आहेत. म्हणून काही उ व आहेत, असे दारीईचे रूप तयार होते. सिद्धता पूर्ण झाली.

नियमांच्या कसोटीवरही दाराप्ती उतरते. मध्यपद दोन्ही आधारविधानांत उद्देश्य असल्याने दोनदा व्याप्त आहे. निष्कर्ष ई असल्याने त्यात एकही पद व्याप्त नाही, म्हणून दुसरा नियम मोडण्याचा प्रश्नच नाही. नकार कोठेच नाही. चारही नियम पाळले गेले. सहा शतके या रूपाविषयी कोणास फारशी शंका आली नाही, यात आश्चर्य नाही.

५

शंकेला जागा मिळते ती मध्यपदाच्या जागी रिकामा वर्ग ठेवला म्हणजे. आपल्या न्यायग्रंथांतील प्रसिद्ध गगनारविंद, म्हणजे आकाशकमळ, येथे कामास येते. सर्व आकाशकमळे ही कमळे आहेत. सर्व आकाशकमळे आकाशात उगवणारी आहेत. म्हणून आकाशात उगवणाऱ्या काही वस्तू कमळे आहेत. निष्कर्ष उघडच खोटा आहे. मग आधारविधानांपैकी एक खोटे, किंवा रूपच अवैध. तिसरा मार्ग नाही.

आधारविधाने खोटी आहेत की नाहीत, हे आ या अक्षराचा अर्थ काय करावा यावर अवलंबून आहे. ‘सर्व म उ आहेत’ याचा अर्थ ‘म असून उ नाही असे काही नाही’ एवढाच घेतला, तर आकाशकमळांविषयीची दोन्ही विधाने खरी ठरतात; कारण मुळात आकाशकमळच नसल्याने उ नसलेले आकाशकमळही नाही. हा अर्थ एकोणिसाव्या शतकात पुढे आला. ब्रेंटानोने १८७४ मध्ये सार्विक अस्तिवाची विधान हे वस्तुतः अस्तित्वाचा निषेध करणारे विधान आहे असे मांडले. १८४७ मध्ये बूलने तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप दिले होते. त्याच्या परंपरेतील व्हेनच्या वर्तुळांत १८८० नंतर आ-विधान म्हणजे एक रिकामा म्हणून रेखांकित केलेला भाग झाला. रिकाम्या भागांच्या दोन माहित्यांवरून दुसरा कोणताही भाग भरलेला आहे असे निघत नाही. दाराप्तीच्या दोन आधारविधानांनी म-वर्तुळाचे भाग रेखांकित केल्यावर मधोमध एक पाकळी कोरी उरते. तिच्यात कोणी आहे असे सांगणारी खूण आकृतीत कोठेच नसते. ती खूण आपण मनाने घालतो.

क्रिस्टिन लॅड-फ्रँकलिन हिने १८८३ मध्ये सुचविलेली कसोटी हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे दाखविते. दोन आधारविधाने आणि निष्कर्षाचा निषेध ही तीन विधाने एकत्र ठेवावी. ती एकत्र खरी असणे अशक्य असेल तर संवाक्य वैध. दाराप्तीसाठी ही त्रयी अशी : व नसलेला म नाही, उ नसलेला म नाही, व असलेला उ नाही. तिन्ही विधाने ‘नाही’ म्हणणारी आहेत. म हा वर्ग रिकामा असेल तर तिन्ही बिनविरोध खरी राहतात. विसंगती निर्माण होण्यासाठी कोणी तरी ‘आहे’ असे निदान एका विधानाने म्हटले पाहिजे, आणि येथे ते कोणीच म्हणत नाही. याउलट दारीईच्या त्रयीत ‘म असलेला उ आहे’ हे विधान आहे. तोच उ एकाच वेळी व असला पाहिजे व नसला पाहिजे, म्हणून विसंगती अटळ होते.

आता तेराव्या शतकातील त्या व्यंजनाकडे पुन्हा पाहावे. एकोणीस नावांपैकी प् किती नावांत आहे? दाराप्ती, फेलाप्तोन, ब्रामांतीप व फेसापो या चारच नावांत. आणि एकोणिसांतून पंधरावर येताना आधुनिकांनी कोणती रूपे गाळली? नेमकी हीच चार. हा योगायोग नव्हे. स्, म् व क् यांनी सांगितलेल्या कृतींपैकी एकीलाही वर्ग भरलेला असण्याची गरज लागत नाही; मर्यादित परिवर्तनाला मात्र लागते. ‘सर्व म उ आहेत’ यावरून ‘काही उ म आहेत’ असे म्हणताना म आहेत हे गृहीत धरले जाते. मध्ययुगीन अध्यापकांनी प् हे अक्षर विद्यार्थ्याला कृती आठवावी म्हणून घातले. त्याने सिद्धतेतील नेमके गृहीतकाचे स्थान चिन्हांकित झाले. फेलाप्तोन व फेसापो यांत मध्यपदाचे अस्तित्व गृहीत आहे. ब्रामांतीपात प् शेवटच्या स्वरानंतर असल्याने परिवर्तन निष्कर्षाचे होते, आणि तेथे साध्यपदाचे अस्तित्व गृहीत आहे.

चोवीस मोजणाऱ्यांच्या यादीतील पाच दुर्बल रूपांचीही गत तीच. सार्विक निष्कर्षावरून अंशवाची निष्कर्षावर उतरताना पक्षपद रिकामे नाही असे त्यांत मानलेले असते. म्हणून चोवीसांतून नऊ वजा होऊन पंधरा उरतात. या नऊही रूपांत दोन्ही आधारविधाने सार्विक व निष्कर्ष अंशवाची आहे. म्हणून आधुनिक पाठ्यपुस्तके वरील चार नियमांना पाचवा जोडतात : दोन सार्विक आधारविधानांवरून अंशवाची निष्कर्ष काढू नये. १९५३ साली प्रथम निघालेल्या कोपी यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात हाच मार्ग पत्करलेला आहे. परीक्षकाला नऊ वादग्रस्त रूपे ओळखण्यासाठी आकृती पाहण्याचीही गरज नाही. आ-आ-ई, आ-ए-ओ व ए-आ-ओ ही तीन अक्षरत्रये दिसली की पुरे. तीन अक्षरे एकटी पुरी पडत नाहीत, असे वर म्हटले. या एका बाबतीत मात्र ती पुरतात.

६

तर मग ॲरिस्टॉटल चुकला काय? दाराप्तीची सिद्धता त्याने परिवर्तनाने दिलीच, शिवाय विसंगतीने व ‘बाहेर काढून दाखविण्याच्या’ रीतीनेही दिली. ही शेवटची रीत बोलकी आहे. म-पैकी कोणताही एक घ्या, तो व-ही आहे व उ-ही आहे, म्हणून काही उ व आहेत, असे तो म्हणतो. एक ‘घ्या’ असे म्हणता येते, ते घेण्यासारखा एक तरी असतो म्हणूनच. म्हणजे रिकामी पदे त्याच्या संवाक्यविचाराच्या कक्षेत येत नाहीत. लुकासिएविच यांनी १९५१ मध्ये ॲरिस्टॉटलच्या संवाक्यशास्त्राची जी स्वयंसिद्धात्मक मांडणी प्रसिद्ध केली, तीत चार स्वयंसिद्धे आहेत : बार्बारा, दातीसी, ‘सर्व अ अ आहेत’ व ‘काही अ अ आहेत’. या शेवटच्या स्वयंसिद्धाने प्रत्येक पद भरलेले असण्याची अट उघडपणे लिहिली जाते. आणि त्या अटीखाली चोवीसही रूपे निर्दोष सिद्ध होतात.

आणखी एक मार्ग चौदाव्या शतकातील ब्यूरिदानच्या लिखाणात दिसतो. रिकामे पद चालू द्यावे, परंतु अस्तिवाची विधान रिकाम्या उद्देश्याविषयी खोटे व नास्तिवाची विधान खरे मानावे. मग ‘सर्व आकाशकमळे कमळे आहेत’ हे विधानच खोटे ठरते. दाराप्तीचे रूप सुरक्षित राहते, दोष आधारविधानात जातो. या वाचनात ओ-विधानाचा अर्थ ‘सर्व उ व आहेत असे नाही’ असा घ्यावा लागतो, ‘व नसलेले काही उ आहेत’ असा नव्हे. ही किंमत दिली की येथेही चोवीसांपैकी एकही रूप गमवावे लागत नाही.

आपल्याकडील नैयायिकांनी आकाशकमळाचे उदाहरण वेगळ्या चौकटीत हाताळले आहे. आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, सरोवरातील कमळाप्रमाणे. हे अनुमान तर्कसंग्रहात आश्रयासिद्धाचे उदाहरण म्हणून येते. हेतू ज्या आश्रयावर राहावयाचा तो आश्रयच नाही, म्हणून अनुमान दुष्ट. न्यायाचे अनुमान व ॲरिस्टॉटलचे संवाक्य यांची घडण भिन्न असल्याने एकावरून दुसऱ्याचा निर्णय करणे योग्य नव्हे. परंतु एक फरक नमूद करण्यासारखा आहे. न्यायात आश्रयाचे अस्तित्व ही स्वतंत्रपणे तपासावयाची बाब आहे व तिच्या अभावाला दोष म्हणून नाव आहे. पाश्चात्त्य परंपरेत तीच बाब आ या एका अक्षराच्या अर्थात मिसळून राहिली, आणि ती वेगळी काढण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

यावरून विद्यार्थ्याने तपासणीचा जो क्रम ठेवावा तो असा. प्रथम तीन अक्षरे पाहून ती वरील अकरांत आहेत की नाहीत हे ठरवावे. नसतील तर आकृतीचा विचार न करताच रूप अवैध. असतील तर आकृती घेऊन मध्यपदाची व निष्कर्षातील पदांची व्याप्ती तपासावी. येथवर उतरलेल्या रूपात दोन सार्विकांवरून अंशवाची निष्कर्ष काढलेला असेल, तर नुसते ‘वैध’ किंवा ‘अवैध’ असे उत्तर लिहू नये. कोणते पद भरलेले असल्यास रूप वैध ठरते ते पद नावाने सांगावे : दाराप्तीत म, ब्रामांतीपात व, दुर्बल रूपांत उ. हे पद सांगितले म्हणजे पंधराच्या पुस्तकाचा व चोवीसाच्या पुस्तकाचा विरोध उरत नाही. दोन्ही पुस्तके एकच गोष्ट सांगत असतात. एक पुस्तक अट मान्य करून, दुसरे ती काढून घेऊन.